क्रम विसरणारे मडके

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतून त्यांच्या जागी स्त्रिया उभ्या राहिल्या. अशाच एका कारखान्यात तोफगोळ्यांच्या कामावर असलेल्या ६४७ स्त्रियांच्या अपघातांची पाच आठवड्यांची नोंद पुढे संख्याशास्त्रज्ञांच्या हाती आली. ती नोंद अगदी साधी होती. ४४७ स्त्रियांना एकही अपघात झाला नव्हता. १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच किंवा त्याहून अधिक अपघात झाले होते.

या आकड्यांत एक गोष्ट खटकण्याजोगी होती. अपघात हा केवळ दैवाचा खेळ असता, प्रत्येकीला धोका सारखाच असता आणि एका अपघाताचा दुसऱ्याशी काही संबंध नसता, तर गणिताप्रमाणे सुमारे ४०६ स्त्रिया निखालस सुटायला हव्या होत्या, १८९ जणींना एक अपघात व्हायला हवा होता, ४४ जणींना दोन. आणि तीन किंवा अधिक अपघात सोसणाऱ्या सगळ्या मिळून जेमतेम आठ निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या २६ निघाल्या. म्हणजे एकीकडे सुटलेल्या अधिक, दुसरीकडे पुन्हापुन्हा सापडलेल्याही अधिक. संकट एकदा ज्या दारी येते त्याच दारी पुन्हा येते, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मत त्या वहीत आकड्यांनी लिहिलेले होते.

पण का? दोन उत्तरे सहज सुचतात. एक असे, की काही स्त्रियांचा हातच मुळी अपघाताचा; सावध आणि वेंधळी यांचा धोका पहिल्या दिवसापासूनच वेगळा. दुसरे असे, की आरंभी सगळ्या सारख्याच. पण अपघात अपघाताला जन्म देतो. एकदा बोट सापडले की मन बिचकते, हात कापतो आणि कापणारा हात पुन्हा सापडतो. पहिल्या उत्तरात दोष माणसाच्या घडणीत आहे, दुसऱ्यात तो घडलेल्या घटनेत आहे. पहिले खरे असेल तर मालक म्हणेल, अशा बायकांना कामावरून काढा. दुसरे खरे असेल तर काढून काय उपयोग? त्यांच्या जागी येणाऱ्यांपैकी कोणाला तरी पहिला अपघात व्हायचाच, आणि मग तिचेही तेच. तेव्हा हा प्रश्न नुसता गणिताचा नव्हता. कोणाची तरी भाकरी त्यावर अवलंबून होती.

ग्रीनवुड आणि यूल या दोघा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९२० साली या नोंदींवर एक निबंध प्रसिद्ध केला. (ग्रीनवुडचे पहिले नाव ‘मेजर’, तो लष्करी हुद्दा नव्हे.) त्यांनी दुसरे उत्तरही तपासले होते; पण ते एका ठराविक रूपात, आणि त्या रूपात ते नोंदीशी नीट जुळेना. पहिले उत्तर धरून, स्त्रियांचा धोका मुळातच कमीअधिक आहे असे मानून त्यांनी जे सूत्र बांधले, त्याने सुमारे ४४२, १४०, ४५, १४, ५ आणि २ असे आकडे दिले. वहीतल्या आकड्यांच्या शेजारी ते ठेवून पाहा. जुळणी मन प्रसन्न करणारी आहे. आणि नेमकी तीच घातक ठरली. कशी, ते सांगण्यासाठी मला आता एका मडक्याकडे वळले पाहिजे.

हे मडके झुरिचचे. तेथील तंत्रविद्यापीठात जॉर्ज पोल्या नावाचा हंगेरियन गणिती प्राध्यापक होता. त्याने आणि एगेनबर्गर याने मिळून १९२३ साली एक लेख लिहिला. एकमेकांत गुंतलेल्या घटनांचे संख्याशास्त्र कसे करावे, हा त्याचा विषय. पोल्यापुढे उदाहरण होते साथीच्या रोगांचे: १८७७ ते १९०० या काळात स्वित्झर्लंडमध्ये देवीने महिन्यामहिन्याला झालेल्या मृत्यूंचे. एक रोगी दुसऱ्याला रोग देतो, तेव्हा या घटना सुट्या धरता येत नाहीत. मग हा ‘संसर्ग’ गणितात आणायचा कसा? पोल्याने तो एका मडक्यात आणला. असे मडके रशियन गणिती मार्कोव याच्याही लिखाणात १९१७ साली येऊन गेले होते. पण जगाने ते पोल्याच्या नावाने ओळखले.

मडक्यात एक लाल गोटी आहे आणि एक पांढरी. न पाहता एक काढायची. जी निघेल ती परत टाकायची आणि तिच्याच रंगाची आणखी एक तिच्याबरोबर टाकायची. लाल निघाली तर आता लाल दोन, पांढरी एक. पुन्हा काढायची, पुन्हा तेच. आरंभी किती गोट्या घ्याव्यात आणि दर खेपेला जादा किती टाकाव्यात याला बंधन नाही. पण ती जादा संख्या एकदा ठरवली की बदलायची नाही. ज्याला मिळाले त्यालाच आणखी मिळावे, असा हा न्याय आहे.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता, तेव्हा आम्ही दोघे एका दुपारी हा खेळ मांडून बसलो. वीस खेपांचा एक डाव. पहिल्या डावाअखेर मडक्यात सतरा लाल आणि पाच पांढऱ्या होत्या. दुसऱ्या डावात सहा लाल, सोळा पांढऱ्या. तिसऱ्यात नऊ आणि तेरा. प्रत्येक डावाचे आरंभी हेलकावे, मग हळूहळू एका प्रमाणावर स्थिरावणे. पण ते प्रमाण दर डावाला निराळे. तिसरा डाव संपल्यावर पोराने विचारले, “मामा, मडक्यात आधीच काही ठरलेलं असतं का?” मी हसून म्हटले, “कसं असेल? आरंभी तर एकच लाल आणि एकच पांढरी होती. तूच टाकतोस ना जादा गोटी?” त्या वेळी मला वाटले, की मी पोराची समजूत घातली. त्याच्या प्रश्नात माझ्या उत्तरापेक्षा अधिक शहाणपण होते, हे मागाहून ध्यानात आले.

या मडक्याचा पहिला चमत्कार क्रमाचा आहे. पाच खेपांत तीन लाल आणि दोन पांढऱ्या निघाल्या असे समजा. त्या कोणत्या क्रमाने निघाल्या यावर त्यांची संभाव्यता अवलंबून असणार, असे कोणालाही वाटेल. कारण दर खेपेला मडके बदलते आहे. लाल, लाल, पांढरी, लाल, पांढरी हा क्रम घेऊ. पहिली लाल निघण्याची संभाव्यता १/२. आता दोन लाल व एक पांढरी आहे, म्हणून दुसरी लाल २/३. मग पांढरी १/४, लाल ३/५ आणि शेवटची पांढरी २/६. आता उलटापालटा क्रम घ्या: पांढरी, पांढरी, लाल, लाल, लाल. येथे १/२, मग २/३, मग १/४, मग २/५, मग ३/६. दोन्हींचे गुणाकार करून पाहा. दोन्ही १२/७२०, म्हणजे १/६०.

हा योगायोग नाही. अपूर्णांकांचे छेद पाहा. ते २, ३, ४, ५, ६ असेच येणार, कारण कोणतीही गोटी निघाली तरी मडक्यातील एकूण संख्या एकानेच वाढते. आता अंश पाहा. पहिल्यांदा लाल निघते तेव्हा मडक्यात लाल एक असते, दुसऱ्यांदा निघते तेव्हा दोन, तिसऱ्यांदा तीन. मध्ये कितीही पांढऱ्या निघोत, लालची संख्या त्यांनी बदलत नाही. म्हणून लालचे अंश १, २, ३ आणि पांढऱ्यांचे १, २. क्रम बदलला की हे आकडे पुढेमागे सरकतात, निराळे मात्र होत नाहीत. आणि गुणाकाराला क्रमाचे सोयरसुतक नसते. झाली सिद्धता. मडके प्रत्येक गोटी लक्षात ठेवते, पण ती केव्हा निघाली हे विसरते. ज्या घटनामालिकेत अशी अदलाबदल केली तरी संभाव्यता ढळत नाही, तिला ‘विनिमेय’ म्हणतात.

जादा गोट्यांची संख्या बदलू नये असे मी वर म्हटले, त्याचे कारण आता कळेल. समजा, पहिल्या खेपेनंतर एक जादा टाकली आणि दुसऱ्या खेपेनंतर दोन. मग दोन लाल व एक पांढरी निघण्याचे तीन क्रम तपासा. लाल-लाल-पांढरी याची संभाव्यता २/३०. लाल-पांढरी-लाल याचीही २/३०. पण पांढरी-लाल-लाल याची ३/३०. मडक्याला क्रम आठवू लागला. अलीकडच्या घटनेला जुन्या घटनेपेक्षा अधिक वजन आले, की विनिमेयता मोडते.

आता दुसरा चमत्कार. मडके बदलत जाते, तरी पहिली गोटी लाल असण्याची संभाव्यता १/२ आणि मधले काही पाहिले नसेल तर दहावी लाल असण्याचीही १/२. अदलाबदल चालते म्हटल्यावर दहाव्या खेपेला पहिलीच्या जागी बसवायला हरकत कोणती? आणि याच न्यायाने आणखी एक. पहिली लाल निघाल्याचे कळले तर दुसरी लाल असण्याची संभाव्यता २/३, हे उघड आहे. जादा गोटी टाकली ना! पण समजा, पहिली गोटी कोणीतरी आपल्याला न दाखवता परत टाकली आणि दुसरी तेवढी पाहिली. ती लाल निघाली. तर पहिली लाल असण्याची संभाव्यता किती? तीही २/३. दुसऱ्या गोटीने पहिलीवर तर काही परिणाम केलेला नाही; काळ मागे वाहत नाही. तरीही दुसरीच्या रंगावरून पहिलीबद्दलचा अंदाज तितकाच पालटतो, जितका पहिलीवरून दुसरीबद्दलचा. म्हणजे या २/३ मध्ये ‘कारण’ दिसत नाही, दिसते ते ‘ज्ञान’. एका घटनेने दुसरी घडवली, आणि एका घटनेने दुसरीची बातमी दिली, या दोन गोष्टी आकड्यात एकच होऊन बसल्या आहेत.

येथे दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जायला हवे. टॉमस बेझ हा इंग्लंडमधील एक पाद्री. तो १७६१ मध्ये वारला आणि त्याच्या कागदांत सापडलेला एक निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने रॉयल सोसायटीकडे पाठवला. तो १७६३ चा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात बेझने एका सपाट टेबलाची कल्पना केली आहे. तिचे सोपे रूप असे. टेबलावर एक चेंडू टाकला. तो कोठेही थांबू शकतो. तो कोठे थांबला ते आपल्याला सांगत नाहीत. मग एकामागून एक दुसरे चेंडू टाकतात आणि दर वेळी एवढेच सांगतात, की नवा चेंडू पहिल्याच्या डावीकडे पडला की उजवीकडे.

या टेबलावर कोणी कोणावर परिणाम करीत नाही. चेंडू सुटे पडतात. पहिल्या चेंडूची जागा एकदाची ठरली, ती कायम. जादा काही टाकायचे नाही, संसर्ग नाही, आठवण नाही. आता नीट पाहा. पहिला चेंडू पडला, की टेबलाचे दोन पट्टे झाले: एक डावा, एक उजवा. दुसरा चेंडू डावीकडे पडण्याची संभाव्यता १/२, कारण दोन चेंडूंपैकी अधिक डावा कोणता, याबद्दल आपल्याला झुकते माप देता येत नाही. समजा, तो डावीकडे पडला. आता पट्टे तीन झाले. पहिल्या चेंडूच्या डावीकडे दोन, उजवीकडे एक. पट्ट्यांच्या रुंद्या लहानमोठ्या असतील, पण त्या आपल्याला ठाऊक नाहीत. तिन्ही चेंडू एकाच रीतीने टाकलेले, म्हणून तिसरा सर्वांत डावा, मधला किंवा सर्वांत उजवा असण्याची शक्यता सारखीच. तेव्हा तो तिन्ही पट्ट्यांत सारख्याच संभाव्यतेने पडणार. म्हणजे पहिल्याच्या डावीकडे पडण्याची संभाव्यता २/३. आणि ज्या पट्ट्यात तो पडेल त्याचे दोन होतील. त्या बाजूचा एक पट्टा वाढेल.

डाव्या पट्ट्यांना लाल गोट्या म्हणा, उजव्यांना पांढऱ्या. आरंभी एक लाल, एक पांढरी. सर्वांना समान संधी. जी निघाली तिची एक वाढली. हे पोल्याचे मडकेच आहे! सारखे दिसणारे नव्हे, तेच. पाच चेंडूंपैकी तीन डावीकडे पडण्याचा एखादा ठराविक क्रम घ्या. त्याची संभाव्यता येथेही १/६० येते, कारण आकडेमोड अक्षर न् अक्षर तीच आहे. कोणी पडद्याआड बसून आपल्याला नुसते ‘लाल, लाल, पांढरी’ असे ओरडून सांगू लागला, तर त्याच्यापुढे मडके आहे की टेबल आहे, हे आपल्याला जन्मभर ऐकूनही सांगता येणार नाही. एका डावावरून नाही आणि हजार डावांवरूनही नाही.

पोराच्या प्रश्नाचे मर्म हे होते. मडक्यात आधी काही ठरलेले नसते हे खरे. पण ते असे वागते, की जणू आरंभीच कोणी गुपचूप एक प्रमाण ठरवले आणि मग त्या न बदलणाऱ्या प्रमाणाने गोट्या काढल्या. आमच्या पहिल्या डावातले सतरा-पाच हे मडक्याने खेळता खेळता घडवले, की टेबलावरच्या पहिल्या चेंडूसारखे ते आधीच पडलेले होते? आकडे मुके आहेत.

हे एकट्या मडक्याचे वैशिष्ट्य नाही, असे दाखवून दिले ते ब्रूनो द फिनेत्ती या इटालियन गणितीने. १९२८ साली बोलोन्याला गणित्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे बाविसाव्या वर्षी त्याने आपला विचार मांडला. त्याचा विस्तृत निबंध १९३० च्या सुमारास बाहेर आला. त्याचा सिद्धान्त असा: घटनांची मालिका विनिमेय असेल आणि ती हवी तितकी लांबवता येत असेल, तर तिचे वर्णन नेहमीच ‘एक अज्ञात पण स्थिर प्रमाण आणि त्यानुसार सुट्या घटना’ असे करता येते. ‘हवी तितकी लांबवता येत असेल’ ही अट शोभेची नाही. मडक्यात एक लाल, एक पांढरी ठेवून दोन्ही परत न टाकता काढा. लाल-पांढरी आणि पांढरी-लाल हे क्रम समसमान आहेत, म्हणजे विनिमेयता आहे. पण एक लाल निघाली की दुसरी पांढरी असणारच. कोणतेही गुप्त प्रमाण असे वागत नाही. प्रमाण अज्ञात असेल तर एक लाल दिसल्यावर दुसऱ्या लालची आशा घटत तरी नाही. दोन खेपांनी मडके रिकामे होते, मालिका लांबत नाही, म्हणून सिद्धान्तही लागू पडत नाही.

द फिनेत्तीने यातून जो अर्थ काढला तो धीट होता. १९३५ मध्ये पॅरिसला त्याने दिलेली व्याख्याने १९३७ साली छापली गेली, त्यांत तो विस्ताराने आला आहे. लोक म्हणतात, नाण्याची एक खरी पण अज्ञात संभाव्यता असते आणि फेकून फेकून आपण ती शोधतो. द फिनेत्ती म्हणतो, ते अज्ञात भूत कशाला हवे? ‘या फेकींचा क्रम मला महत्त्वाचा वाटत नाही’ एवढे माझे मत असले की पुरे. त्या मतातूनच ते ‘अज्ञात प्रमाण’ गणिताने आपोआप उपजते. ते नाण्यात असेलच असे नाही. आपल्या क्रमाविषयीच्या उदासीनतेची ती सावली आहे.

आता त्या ६४७ स्त्रियांकडे परत जाऊ. प्रत्येकीच्या हाती एकेक मडके द्या, अगदी सारखे. त्यात लाल, म्हणजे अपघाताच्या, गोट्या फार थोड्या आणि पांढऱ्या पुष्कळ. दिवसाचा प्रत्येक क्षण ही एक खेप. लाल निघाली तर धोका थोडा वाढतो. अपघाताविना गेलेला प्रत्येक क्षण पांढऱ्या गोट्यांत भर घालून धोका कणाकणाने घटवतो. पाच आठवड्यांनी लाल किती निघाल्या ते मोजा. पोल्याच्या मडक्यातून त्या वेळी जे सूत्र निघते, ते ग्रीनवुड आणि यूल यांचेच सूत्र आहे. ब्रिटनमध्ये ‘स्त्रियांचा धोका मुळात वेगवेगळा’ या गृहीतातून ते आले. झुरिचमध्ये ‘सर्व सारखे, पण संसर्ग आहे’ या गृहीतातून आले. एकाने तोफगोळ्यांच्या कारखान्याला ते लावले, दुसऱ्याने देवीच्या साथीला. दोन्हीकडे जुळले. जुळणार नाही तर काय? मडके आणि टेबल एकच.

विल्यम फेलर याने १९४३ साली हे दुखणे स्पष्ट शब्दांत मांडले: सूत्र जुळले म्हणून संसर्ग सिद्ध होत नाही आणि स्वभावभेदही सिद्ध होत नाही. पण तोवर कारखान्यांच्या जगात एक शब्द रुळला होता. १९२६ पासून ‘अपघातप्रवण’ माणसाची कल्पना चालू लागली होती. अशी माणसे हुडकून वेगळी काढली की अपघात घटतील, असा तो विचार. त्याच्या बाजूचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: ज्या कामगारांना पहिल्या सहामाहीत अधिक अपघात झाले, त्यांनाच दुसऱ्या सहामाहीत अधिक होतात, मग स्वभाव नाही तर काय? पण आपण मडके पाहिले आहे. पहिल्या वीस खेपांत लाल अधिक निघालेल्या मडक्यातून पुढच्या वीस खेपांतही लाल अधिकच निघतात, आणि ते मडके आरंभी इतर सर्व मडक्यांसारखेच होते. १९५१ मध्ये आर्बस आणि केरिक या दोघांनी या कल्पनेची कसून उलटतपासणी केली आणि तिच्या पायाखाली पुरावा किती थोडा आहे, ते दाखवले. शिवाय एक तिसरी शक्यता राहतेच: बाई तीच, पण तिच्या वाट्याला आलेले यंत्रच खोडकर. तीही टेबलासारखीच, फरक माणसात नसून जागेत आहे, एवढेच.

मग सत्य कळायचे कसे? दोन वाटा आहेत. पहिली, क्रम तपासण्याची. नुसत्या बेरजा न मांडता तारखा मांडाव्या. खरा संसर्ग पोल्याच्या मडक्यासारखा क्वचितच असतो. मडक्यात दहा वर्षांपूर्वीच्या गोटीला कालच्या गोटीइतकेच वजन आहे. देवीच्या साथीत मात्र कालचा रोगी धोक्याचा, दहा वर्षांपूर्वीचा नव्हे. बिचकलेला हातही काही दिवसांनी सावरतो. तेव्हा अपघातानंतर लगेच दुसरा अपघात होण्याचा धोका अधिक आणि पुढे तो ओसरतो असे तारखांत दिसले, तर क्रमाला अर्थ आहे, विनिमेयता मोडली आहे आणि स्थिर स्वभावाचे स्पष्टीकरण एकट्याने पुरणार नाही. पण क्रमात काहीच दिसले नाही, तर ही वाट तेथेच संपते. कारण न ओसरणारा संसर्ग आणि जन्मजात भेद यांत क्रम निवाडा करू शकत नाही.

दुसरी वाट हात घालण्याची. पडद्याआड मडके आहे की टेबल, हे ऐकून कळणार नाही. पण पडदा सारून आपल्या हाताने एक लाल गोटी जास्तीची टाकता आली तर? मडक्यात पुढच्या लालची संभाव्यता वाढेल. टेबलावर आपण मुद्दाम एक चेंडू डावीकडे ठेवला, तर पुढच्या चेंडूवर त्याचा काडीइतका परिणाम होणार नाही. आपल्या हाताने ठेवलेला चेंडू पहिल्याच्या जागेची काही बातमीच देत नाही. कारण आणि ज्ञान यांची गाठ सुटते ती येथे. कारखान्यात कोणाला मुद्दाम अपघात घडवता येत नाही, हे सांगायला नको. पण यंत्रांची अदलाबदल चिठ्ठ्या टाकून करता येते. अपघात झालेल्यांपैकी निम्म्यांना, पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच, काही दिवस हलके काम देऊन मग जुन्या जागी परत आणता येते, आणि त्या विश्रांतीने पुढचे अपघात घटतात का ते पाहता येते. घटले, तर दोष घडणीचा नव्हता.

वहीत आकडे होते, हात घातलेला नव्हता. आणि ज्या २६ स्त्रियांच्या नावापुढे तीन किंवा अधिक खुणा पडल्या, त्या वेंधळ्या होत्या, की पहिल्या वाईट दिवसाच्या बळी होत्या, की एखाद्या वाकड्या यंत्रापुढे उभ्या होत्या, हे त्या वहीला कधीच सांगता येणार नव्हते.

यंदा भाचा पुन्हा येणार आहे. मडके माळ्यावरून काढून ठेवले आहे. “आधीच काही ठरलेलं असतं का?” असे त्याने विचारले, तर या वेळी मी हसणार नाही. त्याला म्हणेन, “नुसतं बघून नाही कळायचं रे. एक गोटी तुझ्या हातानं टाकून बघ.”